विज्ञान प्रदर्शनातला प्रयोग पारखताना

कपडे धुतलेल्या पाण्याचा मुगाच्या रोपांवर होणारा परिणाम हा शालेय विज्ञान प्रदर्शनात हमखास मांडता येणारा विषय आहे. त्याची मांडणी बहुधा अशी असते: दोन कुंड्या, प्रत्येकीत दहा बिया, एकीला साधे पाणी आणि दुसरीला साबणाचे. समजा, पंधरा दिवसांनी साध्या पाण्याच्या कुंडीतील रोपांची सरासरी उंची 14 सें.मी. भरली, साबणाच्या पाण्याच्या कुंडीतील 18 सें.मी. आणि तक्त्यावर ठळक अक्षरांत निष्कर्ष आला की साबणाच्या पाण्याने मूग जोमाने वाढतो.

आकडे खरे असूनही हा निष्कर्ष खोटा असू शकतो. परीक्षकाने आधी विचारायचे ते एवढेच, की कुंड्या कुठे ठेवल्या होत्या? साबणाचे पाणी मोरीत मिळते म्हणून ती कुंडी मोरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दुसरी खिडकीत ठेवली असेल, तर दोन कुंड्यांत पाण्याखेरीज प्रकाशाचाही फरक पडला. प्रकाश कमी मिळाला की रोप उजेडाच्या शोधात भराभर उंच होते. त्याचे खोड बारीक व फिकट राहते आणि पाने लहान राहतात. म्हणजे ते 18 सें.मी. जोमाचे नसून उपासमारीचे लक्षण असण्याची शक्यता आहे. रोप समोर असेल तर फिकट खोड पाहून हे लगेच ओळखता येते. फक्त तक्ता पाहणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. वाढ मोजण्यासाठी उंची एकटी पुरेशी नाही हेही यातून दिसते. पानांची संख्या किंवा रोपे वाळवून केलेले वजन यांची तिला जोड हवी.

ज्याचा परिणाम पाहायचा तो एकच घटक बदलायचा आणि बाकीचे सारखे ठेवायचे, हा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो. तपासायचे असते ते नोंदवहीत. ‘दोन्ही कुंड्यांना सारखे पाणी दिले’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. ‘रोज सकाळी 50 मि.ली.’ याला आहे. माती एकाच ढिगातली, बिया एकाच पुडीतल्या आणि साबण एक लिटर पाण्यात किती ग्रॅम, हेही तिथे सापडायला हवे. एकाच खिडकीतही कडेच्या आणि मधल्या जागी ऊन सारखे नसते. म्हणून कुठल्या कुंडीला कोणते पाणी द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि कुंड्यांच्या जागा अधूनमधून बदलल्या, तर मांडणी भक्कम होते.

पुनरावृत्तीबाबत मात्र चांगल्या प्रकल्पांचीही फसगत होते. एका कुंडीत दहा बिया म्हणजे दहा वेळा केलेला प्रयोग, असा समज असतो. पण त्या दहाही बियांना तीच माती, तीच जागा आणि तेच पाणी मिळालेले असते. कुंडीत बुरशी आली तर दहाही रोपांना तिचा त्रास होणार. पाणी कुंडीला दिले जाते, म्हणून मोजायची ती कुंडी. दहा रोपांच्या सरासरीतून एका कुंडीचा एकच आकडा मिळतो. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन, जमल्यास पाच कुंड्या हव्यात.

समजा, एकाच खिडकीत पाच-पाच कुंड्या ठेवून प्रयोग पुन्हा केला. साध्या पाण्याच्या कुंड्यांत सरासरी उंची 13, 15, 12, 16 आणि 14 सें.मी. आली, साबणाच्या पाण्याच्या कुंड्यांत 12, 14, 11, 13 आणि 15. सरासऱ्या अनुक्रमे 14 आणि 13. इथे ‘साबणाने वाढ खुंटते’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण सारखेच पाणी मिळालेल्या कुंड्यांत आपापसात 4 सें.मी.पर्यंत तफावत असताना दोन गटांमधल्या 1 सें.मी.वर भिस्त ठेवता येत नाही. ‘या प्रयोगात स्पष्ट फरक आढळला नाही’ इतकेच म्हणता येईल. ‘साबणाचा परिणामच होत नाही’ असेही म्हणता येणार नाही, कारण लहान फरक टिपायला पाच कुंड्या अपुऱ्या पडू शकतात.

साबणाचे प्रमाण वाढवल्यावर 7, 8, 6, 9 आणि 7 असे आकडे आले, तर गोष्ट वेगळी. यातला सर्वांत मोठा आकडाही साध्या पाण्यातल्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा कमी आहे. ‘या प्रमाणातल्या या साबणाने पंधरा दिवसांत मुगाची उंची घटली’ हा निष्कर्ष आता आकड्यांना धरून आहे. त्यातून ‘सांडपाणी शेतीला घातक’ असे निघत नाही; पीक, साबण, माती आणि मुदत यांपैकी एकच नमुना तपासलेला असतो.

एखादी कुंडी आडवी पडली किंवा बिया कुजल्या, तरी तिची नोंद खोडायची नाही. वगळली तर कारणासह वगळायची. सगळे आकडे अगदी अपेक्षेबरहुकूम असलेली कोरी करकरीत नोंदवही उलट शंका घेण्याजोगी. आणि ‘साबणातील क्षारांमुळे मुळे करपली’ असे वाक्य निष्कर्षात असेल, तर मुळे उपटून कोणी पाहिली होती का, हे विचारावे. पाहिली नसतील तर तो अंदाज आहे, आणि तो ‘संभाव्य कारण’ म्हणून निष्कर्षापासून वेगळा लिहिलेला असावा.