भाची व्हाइस प्रेसिडेंट होते तेव्हा

माझ्या भाचीला गेल्या वर्षी एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या तंत्रज्ञान केंद्रातून ऑफर आली. हुद्दा व्हाइस प्रेसिडेंट, म्हणजे उपाध्यक्ष! घरात पेढे आले. ती तेव्हा एका आयटी सेवा कंपनीत मॅनेजर होती, अनुभव दहा वर्षांचा.

गुंतवणूक बँकांची शिडी साधारण अशी असते: अ‍ॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर. उपाध्यक्ष ही तिथली तिसरी पायरी. अध्यक्षाच्या शेजारची खुर्ची नव्हे. आपल्याकडे कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर बहुधा एकच असतो. गोल्डमन सॅक्सने 2023 साली एकाच खेपेत 608 जणांना तो हुद्दा दिला. ग्राहकाला वाटावं की आपल्याशी अधिकाराचा माणूस बोलतोय, म्हणून बँकांनी मोठी नावं सढळ हाताने वाटली, आणि ती मग पडद्यामागच्या अभियंत्यांनाही लागली. आकड्यांवरही भिस्त ठेवता येत नाही. गूगलमध्ये एल-5 म्हणजे सीनियर इंजिनियर. अ‍ॅमेझॉनमध्ये एल-5 वर एसडीई-2 असतो, सीनियरच्या एक पायरी खाली.

मी भाचीला म्हटलं, एचआरला हुद्द्याबद्दल विचारूच नकोस. तू कोणाला रिपोर्ट करणार, त्या माणसाचा हुद्दा काय, टीममध्ये तुझ्याच हुद्द्याचे आणखी किती जण आहेत, आणि कोणता निर्णय तू कोणाला न विचारता घेऊ शकशील, एवढं विचार.

उत्तरं आली. चौदा जणांच्या टीममध्ये पाच व्हाइस प्रेसिडेंट. तिचा बॉसही व्हाइस प्रेसिडेंटच. तिच्या हाताखाली कोणी नाही. पायरी म्हणून पाहिलं तर ही बढती नव्हती. पण जुन्या नोकरीत बारा माणसं हाताखाली असूनही तिचा दिवस टाइमशीट आणि रजा मंजूर करण्यात जायचा. सिस्टिम कशी बांधायची हे ग्राहक कंपनी ठरवायची. इथे पेमेंटच्या एका सिस्टिमचं डिझाइन तिचं असणार होतं, आणि रात्री दोनला ती बंद पडली तर फोनही तिलाच येणार होता. माझ्या मते माणसांच्या संख्येपेक्षा हे वजनदार.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नव्हती. प्रत्येक हुद्द्याला पगाराचा पट्टा असतो, खालची आणि वरची मर्यादा. ऑफरमधला आकडा वरच्या टोकाशी असेल, तर पुढची पायरी चढेपर्यंत वार्षिक वाढ किरकोळच मिळते. तिने विचारलं, आकडा टोकालाच होता. मग तिने शेवटचा प्रश्न केला: गेल्या तीन वर्षांत या टीममधून डायरेक्टर किती झाले? एक.

तिने नोकरी घेतली, डिझाइनसाठी. बायोडाटात हुद्द्याखाली पहिली ओळ त्या पेमेंट सिस्टिमची आहे.