ब्रँडला पाठवायचा पहिला मेसेज

पाच-दहा हजार फॉलोअर असलेला क्रिएटर ब्रँडला स्वतःहून लिहितो, तेव्हा तो मेसेज वाचणाऱ्या व्यक्तीला 'कोलॅब करूया का?' हा प्रश्न नवा नसतो. तिला दोनच गोष्टी हव्या असतात: व्हिडिओ खरोखर कोण पाहते आणि नेमके करायचे काय आहे.

फॉलोअरची संख्या प्रोफाइलवर दिसतेच. उपयोगाचा आकडा रीचचा, म्हणजे रील किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोहोचले त्याचा. व्ह्यूजमध्ये एकाच खात्यावरून दोनदा पाहिलेले दोनदा मोजले जाते, म्हणून तो आकडा फुगलेला असतो.

समजा, नाशिकची एक क्रिएटर नोकरदारांच्या डब्याचे रील्स करते आणि तिला जवळच्या लाकडी घाण्याच्या तेलवाल्यांना लिहायचे आहे. तिच्या शेवटच्या दहा रील्सपैकी नऊंची रीच १,४०० ते ३,३०० च्या दरम्यान आहे. एक मात्र ६१,५०० वर गेले. सरासरी काढली तर ८,२०० येते, पण इतकी रीच त्या नऊपैकी एकालाही मिळालेली नाही. दहाही आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोघांमधला आकडा घेतला, तर २,३०० मिळतो. मेसेजमध्ये तोच द्यावा. ८,२०० वाचून पैसे मोजलेला ब्रँड २,३०० पाहिल्यावर पुन्हा काम देत नाही; शिवाय इनसाइट्सचा स्क्रीनशॉट बहुधा मागितला जातोच. छोट्या आकड्याला वजन येते ते शहरामुळे. नाशिकमध्येच तेल पोहोचवणाऱ्याला नाशिकचे हजार प्रेक्षक देशभर विखुरलेल्या दहा हजारांपेक्षा मोलाचे.

कल्पना ग्राहकाच्या अडचणीतून निघावी. घाण्याचे तेल महाग, ही पहिली तक्रार. मग रीलमध्ये त्याच तक्रारीचा हिशेब दाखवावा. चार-पाच पर्याय दिले की निवडीचे काम वाचणाऱ्यावर पडते आणि उत्तर लांबते. मेसेज असा होईल:

"नमस्कार. मी नाशिकहून नोकरदारांच्या डब्याचे रील्स करते. फॉलोअर ८,४००, नेहमीच्या रीलची रीच सुमारे २,३००. एक रील ६१,५०० वर गेले होते, पण ते अपवाद. इनसाइट्सनुसार ४१ टक्के प्रेक्षक नाशिकचे. कल्पना एकच: तुमच्या शेंगदाणा तेलात सोमवार ते शुक्रवारचे पाच डबे, आणि शेवटी आठवड्याला तेल किती लागले व किती रुपयांचे, याचा हिशेब. एक रील, तेल मिळाल्यापासून दहा दिवसांत. रुची असल्यास मानधन आणि स्क्रीनशॉट पाठवते."

प्रोफाइलची लिंक खाली द्यावी. आठवडाभर उत्तर आले नाही, तर एकदाच आठवण करावी. होकार आल्यावर ब्रँड ते रील स्वतःची जाहिरात म्हणून चालवणार का, हे लेखी ठरवावे. त्याचे पैसे वेगळे मागता येतात. मोबदल्यात पैसे न मिळता नुसते तेल मिळाले, तरी भारतातील जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमावलीनुसार रीलवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट दिसले पाहिजे.