पीपीटीतून ३५ मिनिटांचे पाठ टाचण

प्रशिक्षणातून शिक्षक पीपीटी घेऊन येतात, पण वर्गात गेल्यावर ती उपयोगी पडत नाही. कारण सोपे आहे. ती मोठ्यांसाठी, अख्ख्या दिवसासाठी बनवलेली असते. आपल्याकडे तास ३५ मिनिटांचा आणि मुले ४०. मग टाचण कसे काढायचे? चौथीचा अपूर्णांक घेऊन पाहू.

आधी एकच प्रश्न ठरवा: तास संपल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे? समजा, ‘१/४ आणि १/८ मध्ये मोठा कोणता, हे कारणासह सांगता येणे’. इथेच मुले हमखास चुकतात. आठ चारपेक्षा मोठे, म्हणून १/८ मोठा, असे त्यांना वाटते. आता स्लाईड्स चाळा. सिद्धांताच्या स्लाईड्स तुमच्या वाचनासाठी. त्या वर्गात न्यायच्या नाहीत. मुलांच्या हाताला काम देणारी एकच कृती उचला, इथे कागदाच्या घड्या.

स्लाईडवर ‘१० मिनिटे’ लिहिलेले असते, पण त्यात पट्ट्या वाटण्याचा वेळ धरलेला नसतो. म्हणून मिनिटांऐवजी घड्याळाची वेळ लिहा. तास ११.१० ला सुरू होत असेल तर:

११.१० – फळ्यावर प्रश्न: पाव भाकरी मोठी की तिचा आठवा भाग? फक्त हात वर करून मत.
११.१४ – पट्ट्या वाटणे, जोडीला चार.
११.१७ – घड्या: एक पट्टी अख्खी, बाकीच्यांना एक, दोन आणि तीन घड्या.
११.२६ – एकेक भाग शेजारी ठेवून जोडीत चर्चा.
११.३४ – मुलांच्या शब्दांत नियम फळ्यावर.
११.४० – चिठ्ठी: १/४ मोठा की १/६? का?
११.४५ – समाप्त.

वीस जोड्यांना ८० पट्ट्या लागतात. ए-फोर कागदाच्या लांबीत ३ सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या निघतात, म्हणजे १२ कागद पुरे. पट्ट्या आदल्या दिवशीच कापा आणि सगळ्या सारख्याच ठेवा. लहान-मोठ्या झाल्या तर तुलनाच खोटी ठरते. तीन समान घड्या मुलांना जमत नाहीत, म्हणून १/३ या कृतीत घेऊ नका.

बहुतेक वेळा घड्यांतच वेळ जातो आणि शेवटची चिठ्ठी राहून जाते. तसे होऊ देऊ नका. ११.२६ ला घड्या चालूच असतील तर चर्चा कमी करा, चिठ्ठी नाही. १/६ ची घडी मुलांनी घातलेलीच नाही, त्यामुळे उत्तर पाठांतराचे की समजुतीचे, ते तिथेच कळते. ‘भाग जास्त केले की प्रत्येक भाग लहान होतो’ अशा अर्थाचे कारण आले तर पाठ पोहोचला. नुसते ‘१/४’ लिहून कारण कोरे असेल, तर तो अंदाजही असू शकतो. अशा चिठ्ठ्या बऱ्याच निघाल्या तर उद्याचा तास पुन्हा पट्ट्यांपासूनच सुरू करा.