वकिलाने काय गृहीत धरले?

जागा घेण्यापूर्वी वकिलाचा लेखी अभिप्राय मागवण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. अभिप्राय हाती आला की माणूस थेट शेवटचे पान उघडतो, ‘हक्क निर्वेध आहे’ हे शब्द शोधतो आणि निश्चिंत होतो. ‘असे गृहीत धरले आहे’ अशी वाक्ये असलेली मधली पाने बहुधा कोणी वाचत नाही. वादातल्या जागेचे खरे दुखणे मात्र तिथेच सांगितलेले असते.

कामठीचेच पाहा. कन्हानकाठची ही छावणी 1821 सालची. छावणीच्या हद्दीबाहेर शेतीला सातबारा आणि गावठाणातल्या घराला आखीव पत्रिका. हद्दीच्या आत मात्र या दोन्हींना विचारत नाहीत. तिथे चालते ते ‘जनरल लँड रजिस्टर’.

समजा, छावणीतला एक जुना बंगला विकायला आहे. विकणाऱ्याजवळ 1931, 1958 आणि 1987 अशी तीन नोंदणीकृत खरेदीखते आहेत, घरपट्टीच्या पावत्यांचे गाठोडे आहे. पण नाव चढवायला छावणी नकार देते. वकील रजिस्टरचा उतारा काढतो. वर्ग ‘ब-3’, जमीनमालक भारत सरकार, हक्काचे स्वरूप ‘ओल्ड ग्रँट’. म्हणजे जमीन सरकारची. खाजगी माणसाचे ते फक्त वरचे बांधकाम. सरकारने महिन्याची नोटीस देऊन आणि इमारतीची किंमत चुकवून जागा परत घ्यावी, अशी त्या व्यवस्थेची अट. तीन खरेदीखते झाली म्हणून फरक पडत नाही, कारण आपल्याजवळ नाही ते कोणालाच विकता येत नाही. दस्त नोंदवला याचा अर्थ मालकी तपासली असा होत नाही. सागरच्या छावणीतल्या अशाच एका बंगल्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये रजिस्टरातल्या नोंदीलाच वजन दिले.

इथे प्रकरण संपले असे वाटेल, पण कामठीची एक गाठ आहे. ओल्ड ग्रँटच्या या अटी ज्या 1836 च्या 179 क्रमांकाच्या आदेशातून येतात, तो आदेश बंगालच्या फौजेसाठी होता. कामठीत कितीतरी वर्षे मुक्काम होता तो मद्रासच्या फौजेचा. तेव्हा त्याच अटी या बंगल्यालाही लागू आहेत, हे सिद्ध व्हायचे तर मूळ अनुदानाचा कागद हवा. तो सहसा मिळत नाही. मग जाणता वकील लिहितो: ‘मूळ अनुदान पाहावयास मिळाले नाही. रजिस्टरातील नोंद बरोबर असून नेहमीच्याच अटी लागू आहेत असे गृहीत धरून हा अभिप्राय दिला आहे. वेगळ्या अटींचा कागद निघाल्यास तो बदलेल.’ याला कोणी पळवाट म्हणेल. माझ्या मते पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य हेच, कारण वाद नेमका कुठे फुटेल ते त्याने दाखवले.

सगळी गृहीते मात्र अशी प्रामाणिक नसतात. सह्या खऱ्या आहेत, नकला मुळाबरहुकूम आहेत, हे वकिलाला मानावेच लागते; तो हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हे. 1958 च्या दस्तावर सही करणाऱ्यांखेरीज दुसरे वारस नव्हते, हे मानणे थोडे धोक्याचे, पण सांगितले तर चालेल. मात्र ‘विक्रेता मालक आहे असे गृहीत धरून’ असे वाक्य दिसले तर पत्र परत करावे. जे विचारले तेच मानून घेतले, तर फी कशाची? ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्रत्येक गृहीतापुढे विचारावे की हे तपासणारा कागद कोणत्या कचेरीत मिळेल. फी भरून नक्कल मिळत असेल, तर ते गृहीत नव्हे, राहिलेले काम आहे.

शोधाच्या मर्यादाही पाहाव्यात. ‘तीस वर्षांचा शोध घेतला’ याचा अर्थ दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली सूची चाळली, इतकाच असू शकतो. न नोंदवलेले मृत्युपत्र, घरातल्या घरात झालेली तोंडी वाटणी, दिवाणी न्यायालयात चालू असलेला दावा, यांतले काहीच त्या सूचीत सापडेलच असे नाही. न्यायालयातला शोध वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घेतला की नाही ते पत्रात लिहिलेले असावे लागते.

राहिला प्रश्न विसंबण्याचा. पत्र ज्याच्या नावे, त्याच्यापुरतेच ते असते. बँकेच्या वकिलाने बँकेला लिहिलेले पत्र कर्जाच्या तारणापुरते असते; त्याची झेरॉक्स मिळवून खरेदीदाराने निर्धास्त होऊ नये. चुकीच्या अभिप्रायाबद्दल वकिलाला फौजदारीत ओढण्याचा प्रयत्नही झाला आहे. हैदराबादच्या एका बँकेच्या पॅनेलवरील वकिलावरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. फसवणाऱ्यांशी संगनमत दाखवणारा पुरावा हवा, नुसता अभिप्राय चुकला एवढ्याने गुन्हा होत नाही, असे न्यायालय म्हणाले. ढोबळ निष्काळजीपणाची जबाबदारी मात्र राहते.

आपल्या कल्पित बंगल्याच्या पत्राचा शेवट मग असा होईल: ‘जमिनीचा मालकी हक्क विक्रेत्याकडे असल्याचे दिसत नाही. बांधकामाचा हक्क, सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी मिळाल्यास, हस्तांतरित करता येईल.’ खाली तारीख, आणि त्या तारखेनंतरच्या घडामोडींची जबाबदारी नाही, अशी एक ओळ. भाव ठरवायचा तो फक्त भिंती आणि छपराचा.