चौसष्ट हो-नाहींचं सुडोकू

सुडोकूचं सर्वांत लहान रूप चार बाय चारचं. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि दोन बाय दोनच्या प्रत्येक खणात १ ते ४ हे अंक एकेकदाच यायचे. असं कोडं संगणकाला समीकरणांच्या भाषेत सांगायचं कसं?

प्रत्येक घरातल्या अंकाला एक अक्षर द्यावं, असं पहिल्यांदा वाटतं. पण ‘चारही अंक वेगळे’ ही अट बेरजेत बसत नाही. ओळीची बेरीज १० हवी म्हटलं, तर ३, ३, २, २ हेही चालून जातं.

म्हणून अंक विचारायचाच नाही. ‘पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या घरात ४ आहे का?’ असं विचारायचं. उत्तर हो असेल तर १, नाही तर ०. हा चल `x[1,3,4]` असा लिहितात. सोळा घरं आणि चार अंक, म्हणजे असे ६४ चल. आता सगळे नियम साध्या बेरजा होतात. एका घराचे चारही चल मिळून १, कारण तिथे एकच अंक बसतो. एका ओळीत ४ हा अंक एकदाच, म्हणून:

```
x[1,1,4] + x[1,2,4] + x[1,3,4] + x[1,4,4] = 1
```

उभ्या ओळी आणि खण यांचंही तसंच. एकूण ६४ समीकरणं. दिलेला अंक म्हणजे त्याचा चल १ वर पक्का करणं. काही कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करायचं नाही. सगळ्या अटी पाळणारी एक मांडणी सापडली की काम झालं.

आता हे कोडं पाहा.

```
१ . . .
. . . २
. १ . .
. . २ .
```

१ आणि २ यांच्या सगळ्या जागा लगेच ठरतात. उरलेल्या आठ घरांत ३ आणि ४ येणार. चल ० किंवा १ च असावेत ही सक्ती काढली, तर त्या घरांत ‘अर्धा ३, अर्धा ४’ भरूनही प्रत्येक समीकरण बरोबर जुळतं! पूर्णांकाची अट किती महत्त्वाची आहे, ते इथे दिसतं.

ती अट ठेवली की संगणक एक उत्तर देतो, पण ते एकमेव आहे का, हे सांगत नाही. त्यासाठी त्या उत्तरात १ झालेल्या सोळा चलांची बेरीज जास्तीत जास्त १५ असावी, अशी नवी अट घालून पुन्हा सोडवायला लावायचं. म्हणजे तेच उत्तर परत येऊ शकत नाही. आपल्या कोड्यात दुसरं उत्तर निघतं, मग तिसरं, चौथं. उजवीकडच्या आणि डावीकडच्या ३-४ च्या जोड्या स्वतंत्रपणे उलटतात. पाचव्या वेळी संगणक ‘अशक्य’ म्हणतो. कोडं रचणाऱ्यानं पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या घरात ३ आणि दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या घरात ३ आधीच दिला, तर हाच ‘अशक्य’ दुसऱ्याच वेळी मिळतो, आणि कोडं छापायला तयार होतं.