विश्लेषण : गावतळ्यात पाणी नेमके किती? तळ मोजण्याचा हिशेब कसा होतो?

मीरा-भाईंदर आज महापालिकेचे शहर असले, तरी ते अनेक गावे मिळून वाढले आहे. नवघर तलाव, भाईंदर पश्चिमेचा राव तलाव, काशिमीऱ्याचा जरीमरी तलाव ही त्या गावांची खूण. गाळ काढण्याची वेळ आली, की तळ्यात पाणी किती मावते आणि त्यातून किती गाळ निघाला, हे प्रश्न पुढे येतात. गाळाचे पैसे घनमीटरवर ठरत असतील, तर या उत्तराला मोल आहे. ते काढायला एक होडी, जीपीएस आणि खोली मोजण्याचे साधन पुरते. मात्र चूक कुठे होते, हे ठाऊक असायला हवे.

लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार का चालत नाही?

तळे म्हणजे टाकी नव्हे. काठाशी ते उथळ असते, मध्ये खोल होत जाते. म्हणून सर्वांत खोल जागेच्या मापाने क्षेत्रफळाला गुणले, तर उत्तर दुपटीच्या आसपास जाऊ शकते. त्याऐवजी तळाचा नकाशा तयार करावा लागतो. त्यात प्रत्येक बिंदूची जागा आणि तिथली खोली नोंदलेली असते.

मोजणी कशी करतात?

आधी काठावर न हलणारी एक खूण ठरवतात. घाटाची एखादी पायरी चालते. त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे, हे सुरुवातीला आणि शेवटी मोजून ठेवतात. नंतर पाण्याच्या कडेने चालत जीपीएसवर काठ नोंदवतात. मग होडी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरळ रेषेत नेतात. रेषांमध्ये दहा मीटर अंतर ठेवून दर पाच मीटरला एक खोली घेतली, तर दीड एकराच्या तळ्यात सव्वाशेच्या आसपास नोंदी होतात. शेवटी या रेषांना आडव्या छेदणाऱ्या दोन रेषा घेतात. छेदाच्या ठिकाणी दोन्ही वेळची खोली जुळते का, हीच मोजणीची परीक्षा.

ओळंबा घ्यावा की सोनार?

उथळ तळ्यात खुणा केलेला बांबू किंवा दोरीला बांधलेला ओळंबा चांगले काम करतो. मासेमारीसाठी मिळणारे छोटे सोनार यंत्र वेगवान असते. ते पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली सांगते. पण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जड ओळंबा मऊ गाळात रुतून खोली जास्त दाखवतो, तर सोनार गाळाच्या वरच्या थरावरून किंवा पाणवनस्पतींवरूनच परततो. ओळंब्याखाली रुंद चकती लावली, की रुतणे कमी होते. विसर्जनाच्या घाटापाशी पाण्यात न विरघळलेल्या मूर्तींचा ढीग असेल, तर तिथे अचानक उंचवटा दिसतो. तिथे बिंदू दाट घ्यावेत.

सोनार वापरण्यापूर्वी दोरीला धातूची थाळी बांधून ती पृष्ठभागापासून बरोबर एक आणि दोन मीटरवर सोडतात. यंत्र तेवढेच दाखवते का, हे पाहतात. यंत्राचा सेन्सर स्वतः पाण्यात २० सेंटिमीटर बुडालेला असेल, तर तेवढी भर प्रत्येक नोंदीत घालावी लागते.

आकडा कसा निघतो?

फोनमधले अक्षांश-रेखांश अंशांत असतात, हिशेब मीटरमध्ये हवा. म्हणून QGIS सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बिंदू या भागाच्या EPSG:32643 या मीटर पद्धतीत आणतात. जवळजवळचे बिंदू त्रिकोणांनी जोडले, की मधल्या जागांची खोली अंदाजाने मिळते आणि समान खोलीच्या रेषा काढता येतात.

समजा, पाण्याच्या कडेचे क्षेत्रफळ ६,४०० चौरस मीटर आले. एक मीटर खोलीच्या रेषेच्या आत ४,९००, दोन मीटरच्या आत ३,०००, तर तीन मीटरच्या आत ९०० चौरस मीटर. सर्वांत खोल जागा ३.६ मीटर. आता तळे एक-एक मीटरच्या थरांत कापले, असे धरायचे. प्रत्येक थराचे आकारमान म्हणजे वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळाची सरासरी गुणिले जाडी. पहिल्या थरात ५,६५०, दुसऱ्यात ३,९५०, तिसऱ्यात १,९५० घनमीटर. तळाचा शेवटचा भाग शंकूसारखा, म्हणून एक तृतीयांश धरून १८० घनमीटर. एकूण ११,७३० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे १,१७० टँकर. सरासरी खोली फक्त १.८३ मीटर. थेट गुणाकाराने हेच उत्तर २३,०४० आले असते.

चूक कुठे होते आणि ओळखायची कशी?

साध्या फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटरने चुकू शकतो. उताराच्या जागी त्यामुळे खोली इकडेतिकडे होते, पण या चुका दोन्ही बाजूंना पडतात आणि बेरजेत बऱ्याचशा विरतात. खरा धोका एकाच दिशेने पडणाऱ्या चुकीचा आहे. सेन्सर बुडालेले २० सेंटिमीटर विसरले, तर आपल्या उदाहरणात सुमारे १,२८० घनमीटर पाणी कमी दिसते, म्हणजे अकरा टक्के!

वेळेची चूक वेगळी असते. खोलीची वेळ घड्याळावरून लिहिली आणि ती जीपीएसच्या वेळेपेक्षा पाच सेकंदांनी पुढे-मागे असली, तर सेकंदाला एक मीटर जाणाऱ्या होडीचा बिंदू पाच मीटर सरकतो. होडी जाताना एका बाजूला, परतताना दुसऱ्या बाजूला. त्यामुळे समान खोलीच्या रेषा करवतीच्या दातांसारख्या दिसतात. नकाशा असा दिसला, तर आधी घड्याळ तपासावे.

काठाचाही प्रश्न आहे. उतरत्या काठावर खोली शून्य धरणे योग्य. पण सुशोभीकरणात उभी संरक्षक भिंत बांधलेली असेल, तर तिच्या पायथ्याशी खोली शून्य नसते. तिथे बांबूने वेगळे माप घ्यावे लागते.

गाळ किती निघाला, हे कसे कळते?

गाळ काढण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा त्याच पद्धतीने मोजणी करून दोन्ही तळांच्या नकाशांतला फरक काढतात. इथेच घाटावरची ती खूण कामाला येते. दुसऱ्या वेळी पाणी दहा सेंटिमीटर जास्त असेल आणि ती दुरुस्ती केली नसेल, तर आपल्या तळ्यात एक घमेले गाळ न काढताही सुमारे ६४० घनमीटर गाळ ‘निघतो’. ट्रकांच्या खेपा मोजूनही हा आकडा नीट कळत नाही. उकरलेला गाळ फुगतो आणि त्यासोबत पाणीही जाते. म्हणून मोजणीचा अहवाल हाती आला, की क्षमतेच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : पाण्याची पातळी कोणत्या खुणेपासून घेतली, खोली कशाने मोजली आणि आडव्या रेषांशी जुळणी किती सेंटिमीटरमध्ये बसली. या नोंदी नसतील, तर त्या घनमीटरवर बिल ठरवणे धोक्याचे.