जत्रेतला वक्ता आणि चार वाक्यांची ओळख

जत्रेच्या मैदानावर पाळणे फिरत असतात, शेजारी पिपाण्या वाजत असतात, आणि अशात सूत्रसंचालक ‘व्यासपीठावरील सन्माननीय’ अशी यादी सुरू करतो. तिथेच सभा हातातून जाते. मोकळ्या मैदानात लोक बांधलेले नसतात, पाठ फिरवून चालू लागतात.

समजा, सर्पदंशावर बोलायला डॉक्टर आले आहेत. पदव्या आणि पुरस्कार बाजूला ठेवा. थेट म्हणा: “साप चावला, तर पहिल्या तासात काय करायचं?” आणि थांबा. माना वळू द्या. मग तेच वाक्य पुन्हा म्हणा, कारण पहिल्या वेळी निम्म्यांना ते ऐकूच आलेलं नसतं. पुढे दोनच वाक्यं: “हे डॉक्टर रोज असे रुग्ण तपासतात. आज ते तुमच्याशी बोलणार आहेत.” नाव अगदी शेवटी, मोठ्याने आणि सुटंसुटं. टाळ्या नावावर पडतात. आधी घेतलेलं नाव गोंगाटात विरतं.

थांबण्याला आणखी एक कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शंभर मीटरवर दुसरा कर्णा असेल, तर त्याच्याजवळच्या माणसाला तुमचा शब्द दोनदा ऐकू येतो, साधारण पाव सेकंदाहून जास्त अंतराने. लांब वाक्यं त्यात एकमेकांवर चढतात, आखूड वाक्यं निभावतात. ट्रॅक्टर जात असेल, तर जाऊ द्या. ओरडल्याने कर्णा फाटका वाजतो, शब्द कळत नाहीत.

डॉक्टरांना मात्र आधीच माइकजवळ उभं करा. खुर्चीपासून चालत येईपर्यंत वळलेल्या माना पुन्हा पाळण्याकडे जातात.